२० टक्के इथेनॉल आलं, आता नॅफ्थाच्या रिफॉर्मरची गरज काय?

धरमपेठकर: पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. मग रिफायनरीवाले क्रूडमधून निघालेला नॅफ्था ५०० डिग्रीला तापवून प्लॅटिनमवरून कशाला नेऊन राहिले? सरळ नॅफ्थात इथेनॉल टाका आणि विका. माझं मत आहे की हे काम करणारा रिफॉर्मर हा आता जुना खर्च आहे, बंद करायला पाहिजे. पटत नसेल त्यानं आकड्यात सांगावं.

बुलेटवाला_सदर: भाऊ बरोबर बोलले. माझी जुनी बुलेट मे महिन्यात कामठी रोडनं चढावर टकटक करते, डबलसीट असलो की जास्तच. मेकॅनिक म्हणते महागडं पेट्रोल टाक. ते टाकलं की मायलेज पण वाढते का? ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त ना?

माहूलचा_जुना_ऑपरेटर: धरमपेठकर, आकडे घ्या. क्रूड डिस्टिल केल्यावर साधारण ८० ते १८० डिग्रीत उकळणारा जो जड नॅफ्था निघतो त्याचा ऑक्टेन ५० च्या आसपास असतो, क्रूडप्रमाणे कमीजास्त. ८० भाग हा म्हणजे ४०, २० भाग १०८ चं इथेनॉल म्हणजे २१.६. बेरीज ६२ पण नाही. आता इथेनॉल कमी ऑक्टेनच्या पेट्रोलात गेलं की स्वतःच्या आकड्यापेक्षा जास्त उचल देते, म्हणून तुमच्या बाजूनं १३० धरा, तरी ६६. साध्या बीएस-६ पेट्रोलला ९१ लागतो आणि ई-२० ला ९५. हे पेट्रोल कुठल्याही गाडीत टाकलं तर ती टकटक नाही, ठोके मारेल. दुसरा हिशोब उलटा करा, ९५ गाठायचे असतील आणि इथेनॉलला १२० धरलं तरी खालचं पेट्रोल ८९ च्या आसपासचं लागते. ५० चं ८९ कोण करून देणार?

बुलेटवाले भाऊ, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ठिणगी पडायच्या आधी किंवा नंतर उरलेलं मिश्रण आपोआप पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते तेवढंच तो सांगतो. तुमच्या इंजिनात आधी हेडवरचा कार्बन आणि टायमिंग पाहून घ्या. गाडीला गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन दिला तर मायलेज वाढेल असं समजू नका.

केमिकल_प्रतापनगर: मला शिकवलं होतं की रिफॉर्मिंग म्हणजे मोठे रेणू तोडून लहान करायचे, लहान रेणू चांगले जळतात म्हणून ऑक्टेन वाढतो. म्हणजे जड तेल तोडून पेट्रोल बनवणाऱ्या एफसीसीसारखंच ना? मग एफसीसीचं पेट्रोल आहेच की ९०-९२ चं, त्यात इथेनॉल घातलं की झालं. मी धरमपेठकरांच्या बाजूनं.

माहूलचा_जुना_ऑपरेटर: ताई, तोडणं रिफॉर्मरमध्ये होते पण ते नुकसान आहे, तेवढं पेट्रोल गॅस होऊन जाते. खरं काम आकार बदलायचं आहे. सात कार्बनचं सरळ हेप्टेन घ्या, त्याचा ऑक्टेन शून्य, स्केलच त्यावर बांधलेली आहे. तेच सात कार्बन वळवून कडं केलं आणि हायड्रोजन काढला की टोल्यूइन होते, त्याचा ऑक्टेन १०० च्या बराच वर. कार्बन तेवढेच, एकही तुटला नाही.

आणि यातली गोष्ट पुस्तकात कमी सांगतात ती अशी की हायड्रोजन गेला की माल आकसतो. मिथाइलसायक्लोहेक्झेन, म्हणजे नॅफ्थात आधीच कडं असलेला रेणू, त्याचा १ लिटर पूर्ण टोल्यूइन झाला तर साधारण ८३० मिलि उरते. हेप्टेनचा १ लिटर असेल तर ७३० च्या आसपास. रेणू एक वाया गेला नाही तरी लिटर कमी, कारण टोल्यूइन जड आहे आणि पेट्रोल विकतात लिटरनं. म्हणून ऑक्टेन ९५ वरून १०० न्यायचा म्हटलं की मॅनेजर आधी विचारतो, लिटर किती जाणार.

धरमपेठकर: म्हणजे माझाच मुद्दा झाला. लिटर खाते, प्लॅटिनम खाते, इंधन खाते. मग कमी चालवा ना.

माहूलचा_जुना_ऑपरेटर: कमी चालवा म्हणत असाल तर हाव, मान्य. बंद करा मान्य नाही. इथेनॉलमुळं रिफॉर्मेट, म्हणजे रिफॉर्मरमधून निघणारा माल, १०० ऐवजी ९५-९६ चं केलं तरी भागू शकते, तापमान थोडं उतरवता येते, लिटर वाढतात, प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर कोक, म्हणजे कार्बनचा थर, कमी बसते. पण दोन अडचणी. पहिली, रिफॉर्मरचा हायड्रोजन. डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आणायला हायड्रोजन लागतो आणि रिफॉर्मर तो फुकटात देते, तापमान उतरवलं की तो घटते. मग गॅसपासून वेगळा बनवा. दुसरी, ताईंनी एफसीसी म्हटलं, पण एफसीसी जड तेल खाते. क्रूडमधला जड नॅफ्था मग ठेवणार कुठं?

केमिकल_प्रतापनगर: पेट्रोकेमिकलवाल्यांना विकायचा, ते प्लास्टिकचा कच्चा माल करायला क्रॅकरमध्ये घालतात. आणि टोल्यूइनसारख्या अॅरोमॅटिकवर ३५ टक्क्यांची, बेंझिनवर १ टक्क्याची मर्यादा आहेच, ते पण सुटेल.

माहूलचा_जुना_ऑपरेटर: बेंझिनचं तुम्ही बरोबर पकडलं. पण त्यासाठी सहा कार्बनवाला हलका भाग रिफॉर्मरमध्ये जाऊच देत नाहीत, तो सरळ रेणूंना फांद्या फोडणाऱ्या आयसोमरायझेशनला वळवतात, बेंझिन बरंचसं तिथंच टळते. नॅफ्था विकायचं म्हणाल तर क्रॅकर जवळ असेल आणि भाव मिळेल त्या रिफायनरीला जमेल. सगळ्यांना एकच उत्तर नाही.

सावनेर_इन्स्ट्रुमेंट: एक विचारतो, तीन-चार रिअॅक्टर कशाला, एकच मोठा का नाही? आणि बिघडलं हे पॅनलवर कसं समजते?

माहूलचा_जुना_ऑपरेटर: हायड्रोजन काढायला उष्णता लागते. पहिल्या रिअॅक्टरात सोपे रेणू, तेच कडेवाले, झपाट्यानं बदलतात, ५०० डिग्रीला गेलेला माल ५०-६० डिग्री किंवा त्याहून जास्त थंड होऊन बाहेर येते. एवढ्या थंड मालात हेप्टेनसारखे हट्टी रेणू वळत नाहीत, म्हणून भट्टीतून परत तापवून पुढच्या रिअॅक्टरात. शेवटच्यात तापमान फार पडत नाही, पण अवघड काम तिथंच होते आणि कोकही तिथंच जास्त बसते.

पॅनलवर मी तेच पाहायचो, आत आणि बाहेरच्या तापमानातला फरक. फीडमधलं गंधक काढणाऱ्या हायड्रोट्रीटरनं नीट काम केलं नाही आणि अर्धा पीपीएमच्या वर गंधक फीडमध्ये आलं तर ते आधी पहिल्या रिअॅक्टरच्या प्लॅटिनमला चिकटते. पहिल्याचा फरक खाली येते, न झालेलं काम पुढं सरकते म्हणून दुसऱ्याचा वाढते, हायड्रोजन घटते, ऑक्टेन उतरते. नवखा माणूस काय करते, ऑक्टेन पडला म्हणून सगळ्या भट्ट्यांचं तापमान चढवते. त्यानं गंधक जात नाही, कोक मात्र वाढते. आधी फीडचं सॅम्पल पाठवा, हायड्रोट्रीटर पाहा, तोवर तापमान उलट थोडं उतरवा.

धरमपेठकर: बंद करा हे मी मागं घेत नाही, फक्त नव्या रिफायनरीपुरतं ठेवतो. इथेनॉल कायम राहणार असेल तर नवीन ठिकाणी रिफॉर्मर लहान का नको?

माहूलचा_जुना_ऑपरेटर: लहान चालेल, पण डिझेलचा हायड्रोजन कुठून आणता याचा खर्च मांडून दाखवा. आणि पाऊस कमी झाला, ऊस-मका कमी आला तर त्या वर्षी ८९ चं खालचं पेट्रोल ९१ करायला काय घालणार तेही लिहा.

बुलेटवाला_सदर: हेड उघडून पाहतो या आठवड्यात. कार्बन निघाला तर फोटो टाकतो.