पेरोलने न्यू रिजिम लावली, आता दुरुस्त करून घ्यावी की रिटर्नमध्ये बघावं?

सायली_मरोळ: एप्रिलमध्ये पेरोलला मेल करून ओल्ड रिजिम सांगितली होती, तरी तीन महिने न्यूनेच टीडीएस कापलाय, महिन्याला १२,५६७. आता म्हणतात पोर्टलवर सिलेक्ट नव्हतं म्हणून डिफॉल्ट लागली, रिटर्न भरताना रिफंड घ्या. २०२५-२६ चा पगार १८ लाख, बेसिक ९, एचआरए साडेचार, मरोळला भाडं ४२ हजार. नाशिकच्या फ्लॅटमध्ये आईबाबा राहतात, त्याच्या लोनचं व्याज दोन लाखांच्या वर जातं. ८०सी फुल, आईबाबांचा मेडिक्लेम ५० हजार. मागे लागून शेड्यूल बदलून घ्यावं की सोडून द्यावं?

वडाळा_नितीन: सोडून द्या. जास्त कापला गेलेला पैसा कुठे जात नाही, रिटर्नमध्ये ओल्ड निवडा, व्याजासकट परत येतो. आणि आयकर खात्याच्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे की कंपनीला एकदा सांगितलेला पर्याय वर्षभर बदलता येत नाही, मग पेरोलवाले तरी काय करणार. त्यांच्याशी वाकडं घेऊन मिळणार काय?

अनघा_पेरोल: नितीनदादा, तुम्ही म्हणताय ते २०२० चं सर्क्युलर, तेव्हा डिफॉल्ट ओल्ड होती. न्यू डिफॉल्ट झाल्यावर ५ एप्रिल २०२३ ला नवीन आलं. त्यात कंपनीने दरवर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याला कुठली रिजिम हवी ते विचारायचं, कर्मचाऱ्याने कळवलं तर त्याप्रमाणे टीडीएस कापायचा, काहीच कळवलं नाही तरच न्यू धरायची. मध्येच बदलता येईल की नाही यावर ते गप्प आहे, म्हणून बऱ्याच कंपन्या स्वतःची पॉलिसी करून विंडो बंद करतात आणि तिथे खरंच फार काही करता येत नाही. पण सायलीताईंचं प्रकरण बदलण्याचं नाहीच, त्यांनी एप्रिलमध्येच कळवलंय. म्हणून मेलमध्ये "रिजिम बदलून द्या" असं चुकूनही लिहू नका, ते लिहिलंत की पॉलिसीचं उत्तर येणार. "अमुक तारखेला कळवलेली रिजिम लागलेली नाही, ती लावून सुधारित टॅक्स शीट आणि उरलेल्या महिन्यांचं कपातीचं शेड्यूल पाठवा" असं लिहा आणि जुना मेल खाली जोडा.

आकडे सांगते, कारण किती रुपयांचा प्रश्न आहे ते कळल्याशिवाय मत कसं देणार. न्यूमध्ये ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १७,२५,००० वर सेससकट १,५०,८०० टॅक्स, म्हणजे महिन्याला तुमचे ते १२,५६७ बरोबर बसतात. ओल्डमध्ये वर्षाच्या भाड्यातून बेसिकचे दहा टक्के वजा केले की ४,१४,००० एचआरए माफ होतो, मग ५० हजार स्टँडर्ड, अडीच हजार प्रोफेशनल टॅक्स, दीड लाख ८०सी, ५० हजार मेडिक्लेम, दोन लाख व्याज. उरले ९,३३,५००, टॅक्स १,०३,१६८. फरक ४७ हजारांच्या वर. कापलेले ३७,७०० पेरोल परत देणार नाही, ते सरकारजमा झाले, पण उरलेल्या नऊ महिन्यांत वळते करायची मुभा कायदाच देतो. ६५,४६८ भागिले नऊ, म्हणजे जुलैपासून ७,२७४ कापले जायला हवेत. हा आकडा मेलमध्ये टाकाच, समोरच्याला पडताळायला काहीतरी मिळतं.

ठाणेकर_मंदार: सांभाळून हां ताई, एकदा ओल्डमध्ये गेलात की परत फिरता येत नाही. माझी नोकरीसोबत थोडी कन्सल्टन्सी आहे, मला १०-आयईए फॉर्म भरावा लागला आणि सीए म्हणाला आता न्यूमध्ये आलात की पुन्हा ओल्ड कायमची बंद, त्यामुळे एक वर्षाच्या ४७ हजारांसाठी आयुष्यभराचा निर्णय घेऊ नका.

अनघा_पेरोल: मंदार, ते तुमच्या कन्सल्टन्सीमुळे. धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी रिटर्नमध्ये नव्याने निवडता येतं आणि तो फॉर्मही लागत नाही. पेरोलला सांगणं हे फक्त टीडीएसपुरतं, खरी निवड रिटर्नमध्येच होते. फक्त रिटर्न मुदतीत जायला हवं, उशिरा भरलं तर ओल्ड मिळतच नाही.

वडाळा_नितीन: सर्क्युलरचं मान्य, २०२३ चं बघितलं नव्हतं. पण माझं मत तेच. शेवटी रिटर्नमध्येच ठरणार असेल तर महिन्याच्या पाच हजारांसाठी एवढी मेलामेली कशाला? न्यूमध्ये राहिलं तर जानेवारीत भाड्याच्या पावत्या, लोनचं सर्टिफिकेट, घरमालकाचा पॅन, काही मागत नाहीत. ओल्ड घेतली आणि एखादं प्रूफ नाकारलं की फेब्रुवारी-मार्चचा पगार अर्धा होतो, आमच्या ऑफिसात मार्चला दोघांच्या हातात घरभाड्यापुरतेही पैसे आले नव्हते.

अनघा_पेरोल: प्रूफचं तुमचं म्हणणं खरंच आहे. पण फॉर्म १६ मध्ये न्यू आणि रिटर्नमध्ये एकदम चार लाखांचा एचआरए, असा रिफंड मागितला की उद्या नोटीस आली तर तीच सगळी कागदं दाखवावी लागतात, तेव्हा ती जमवण्यातून सुटका कुठेच नाही. आणि महिन्याला पाच हजार तिच्या हातात असणं मला महत्त्वाचं वाटतं, मुंबईत एकटीने ४२ हजार भाडं भरून वर हप्ता भरणाऱ्या माणसाने सरकारला वर्षभर उसने का द्यायचे?

सायली_मरोळ: अनघाताई म्हणाल्या तसा मेल केला, एप्रिलचा मेल जोडला, ७,२७४ पण लिहिले. दोन दिवसांत नवीन शीट आली, वर ओल्ड रिजिम लिहिलंय पण कपात महिन्याला २०,८५८ दाखवतायत! आधीपेक्षा जास्त कशी झाली?

अनघा_पेरोल: शीटमध्ये "एचआरए एक्झेम्प्शन" ची ओळ बघा, शून्य असणार. त्यांनी रिजिमचं बटण फिरवलं, पण भाड्याचं डिक्लेरेशन गेलेलंच नाही. बाकी वजावटी धरून १३,४७,५०० वर २,२५,४२० टॅक्स होतो, त्यातून कापलेले ३७,७०० वजा करून नऊने भागा, बरोबर २०,८५८ येतात. यासाठी नवी शीट आली की आधी स्टँडर्ड डिडक्शन बघायचं, ७५ दिसले तर अजून न्यूच आहे, ५० दिसले तर ओल्ड लागली, आणि लगेच खालच्या वजावटी एकेक जुळवायच्या. पोर्टलवर १२बीबी मध्ये महिन्याचं भाडं, पत्ता, घरमालकाचं नाव आणि पॅन टाका, वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर पॅनशिवाय पुढे जात नाही. आमच्याकडे पगार २० तारखेला लॉक होतो, तुमच्याकडची तारीख आजच विचारा, ती चुकली तर जुलैला २०,८५८ च जातील आणि मग पुढच्या आठ महिन्यांत वळते होतील.

सायली_मरोळ: हो, एचआरए शून्यच आहे. प्रॉब्लेम असा की घरमालक पॅन द्यायला तयार नाहीत, म्हणाले ॲग्रीमेंटमध्ये आहे तेवढंच वापर, आणि ॲग्रीमेंटच्या माझ्या कॉपीत पॅनचा रकाना कोरा आहे.

वडाळा_नितीन: हेच म्हणत होतो मी. पॅन नाही तर एचआरए नाही, आणि एचआरए नाही तर ओल्ड तुम्हाला न्यूपेक्षा पाऊण लाखाने महाग पडते. पॅन हातात येईपर्यंत त्यांना परत न्यूच लावायला सांगा.

अनघा_पेरोल: परत न्यू मागितलीत तर तो खरोखरचा बदल होईल आणि तिथे मात्र विंडो बंद म्हणतील, हे लक्षात ठेवा. मी आधी घरमालकांशी बोलेन. भाडं बँकेतून जातं ना? मग ते त्यांच्या खात्यात दिसतंच आहे, पॅन लपवून त्यांचं काही वाचत नाही, हे शांतपणे समजावून बघा.

ठाणेकर_मंदार: माझ्या घरमालकाने भाडं दोन हजार वाढवून मग पॅन दिला. घेतला मी, तरी परवडलं.