अनुभव धागा: पुरस्कार सहकाऱ्याला मिळाला, अर्ज आपलाही होता. अभिनंदन कसं केलंत?

धागा सुरू करते: प्राथमिक शिक्षिका, धारूर तालुका, जि. बीड

शिक्षक दिन जवळ आला की जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्काराची यादी येते. प्राथमिकला तालुक्यातून साधारण एकच नाव असतं. त्यामुळं आपली खरी स्पर्धा असते ती शिक्षण परिषदेत आपल्या शेजारी बसणाऱ्या माणसाशी. यादीत त्यांचं नाव येतं, आपलं येत नाही, आणि केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुष्पगुच्छांची रांग लागते. अशा वेळी आपण काय लिहायचं, काय बोलायचं? ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले आणि समोरच्यानं ते कसे घेतले, तेवढं सविस्तर लिहा.

आधी माझं सांगते. यंदा आमच्याच केंद्रातल्या सरांना मिळाला. प्रस्ताव माझाही होता आणि तो केंद्रप्रमुखांच्या हातून वर गेला, म्हणजे सगळ्या केंद्राला माहीत. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: "सर, मनापासून अभिनंदन. संध्याकाळी फोन करते." आणि संध्याकाळी खरंच केला.

फोनवर काय बोलायचं ते मी आधीच ठरवलं होतं. सरांची शाळा तांड्यावर आहे. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला निघतात आणि लेकरंही कोयत्याबरोबर जातात. वर्ग निम्मा रिकामा होतो. सर दसऱ्याच्या आधीच घरोघर फिरतात, आजी-आजोबांशी बोलतात, हंगामी वसतिगृहाची यादी पालक गावात असतानाच तयार करतात. मी म्हणाले, "सर, अभिनंदन. गाड्या भरायच्या आधी यादी करायची, हे मी तुमच्याकडून शिकले. मागच्या हंगामात माझ्या वर्गातली तीन लेकरं त्यामुळंच गावात राहिली. माझाही प्रस्ताव होता हे तुम्हाला माहीतच आहे. मिळाला असता तर मला आवडलं असतं. पण या कामाचं नाव झालं, हे मला मनापासून बरं वाटलं."

सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलता की नाही याचीच मला धाकधूक होती." मग आम्ही वसतिगृहाच्या धान्याबद्दल बराच वेळ बोललो.

आता 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर केंद्रातर्फे सरांचा सत्कार आहे आणि दोन शब्द मला बोलायला सांगितलेत. फोनवर जे जमलं ते माईकवर तसंच बोलावं का, हे कळंना. अनुभवी लोकांनी जरूर लिहावं.

बँक कर्मचारी, नांदेड

माझा नियम सरळ आहे. ग्रुपवर सगळ्यात पहिलं अभिनंदन आपलं पाहिजे, आणि दणदणीत पाहिजे. फोटो टाका, स्टेटस ठेवा. आपणही स्पर्धेत होतो हा विषय तोंडातून काढायचाच नाही. आमच्या शाखेत ठेवी वाढवण्याचं बक्षीस माझ्याबरोबरच्या मॅडमला मिळालं तेव्हा मी असंच केलं. कुणालाही शंका आली नाही.

आशा स्वयंसेविका, मुखेड तालुका

भाऊ, पहिलं करावं हे पटलं. उशीर केला की लोक त्याचाच अर्थ काढतात. पण दणदणीत कशाला? माझ्या वेळी एका ताईनं माझा फोटो तीन ग्रुपवर टाकला, केक आणला, मला दहा वेळा "आमची शान" म्हनली. आणि बैठकीत माझ्याकडं बघंना. मला तो केक खाऊ वाटला नाही.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या ताईला मिळाला, तेव्हा नाव माझंही गेलं होतं. आमचं काम आकड्यात दिसतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या. पहिल्या तीन-चार सगळ्याच देतात. शेवटची चुकते, कारण बाई तोवर माहेरी गेलेली असते. ही ताई माहेरच्या गावच्या आशाला फोन लावून ती भेट करून घेते. मी तिला आरोग्य केंद्राच्या ओट्यावर गाठलं अन् म्हनलं, "बाई, बेचाळिसाव्या दिवसाची भेट तुझ्यासारखी कुणी करत नाही. तुझं नाव आलं ते ह्याच्यामुळंच." ती रडायलीच. स्पर्धेचं मी काही बोलले नाही, तिनंही विचारलं नाही. मग मॅडमसारखं बोलायलाच पाहिजे का, हे मला सांगता येत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख, कळमनुरी

मी नोकरीत असताना असे कितीतरी प्रस्ताव पुढं पाठवले आणि निकालानंतर दोन्ही बाजूंचे शिक्षक माझ्यापुढं बसून बोललेले आहेत. त्यावरून लिहितो.

आधी निवड कशी होते ते ध्यानात घ्या. शिक्षक स्वतः प्रस्ताव भरतो. त्यात गोपनीय अहवाल, चौकशी चालू नसल्याचा दाखला, पटसंख्या, शिष्यवृत्तीचे निकाल, लोकसहभाग असं सगळं असतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत तो जिल्ह्याला जातो, समिती गुण देते, मग यादी विभागीय आयुक्तांच्या मान्यतेला जाते. जागा तालुकावार असल्यामुळं शेजारच्या तालुक्यात तुमच्यापेक्षा कमी गुणांचा शिक्षक निवडला जाऊ शकतो आणि तुम्ही एका गुणानं राहू शकता. म्हणून "तुम्हाला मिळणारच होता" असं म्हणू नये. ते खरं नसतं आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. "नशीब काढलंत" हे त्याहून वाईट, त्यात त्याचं काम पुसलं जातं.

सगळ्यात जास्त ऐकलेलं आणि सगळ्यात जास्त त्रास देणारं वाक्य म्हणजे "आम्ही काय, तुमच्यापुढं लहानच." बोलणाऱ्याला वाटतं आपण नम्र झालो. पण ऐकणाऱ्याला लगेच म्हणावं लागतं, "नाही हो, तुमचंही काम मोठं आहे." म्हणजे अभिनंदन त्याचं आणि समजूत काढायची तुमची. एका शिक्षिकेनं मला सांगितलं होतं की सत्काराच्या दिवशी दिवसभर तिनं हेच केलं.

बँकेतल्या साहेबांचं अर्धं बरोबर आहे. ज्याला तुमचा अर्ज माहीतच नाही त्याच्यापुढं तो विषय काढू नये. पण तालुक्याच्या ठिकाणी हे लपत नाही. समोरच्याला माहीत असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर तो तुमचा चेहरा वाचत बसतो. एकदा, एका वाक्यात, हसत्या तोंडानं सांगून टाकावं आणि लगेच त्याच्या कामाकडं वळावं. धारूरच्या मॅडमनी नेमकं तेच केलं. फक्त ते वाक्य शेवटी ठेवू नये. शेवटी ठेवलं की तेवढंच लक्षात राहतं.

मात्र माईकवर ते वाक्य नको, मॅडम. दोघांत ते मोकळेपणा असतो, सभेत ती तुमची बातमी होते. लोक सरांकडं बघायचं सोडून तुमच्याकडं बघतील. तिथं फक्त वसतिगृहाच्या यादीचं सांगा आणि तुमच्या वर्गातली तीन लेकरं त्यामुळं राहिली हे सांगा. दोन मिनिटांच्या वर बोलू नका.

कृषी सहायक, परभणी

माझं उलटं आहे. पुरस्कार मलाच मिळाला आणि लोक तोडून वागायले, त्याचं काय करायचं? ज्याला त्याला पार्टी पाहिजे. "आता साहेब झालात, ओळख ठेवा" म्हणतात. मी कुणाचं काही हिसकावलं का? ओळख ठेवायला मी कुठं चाललो?

एकच अभिनंदन मनात राहिलं. 2022 ला सोयाबीनवर शंखी गोगलगायी आल्या होत्या. कोवळं पीक रात्रीत जायचं. मी गावोगाव गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाच्या कडेनं टाकायला लावली. सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. माझ्याबरोबर ज्यानं फाईल दिली होती तो आला आणि म्हणाला, "ते गोणपाट मी माझ्या गावात उशिरा टाकलं, तू पेरणी उगवताच टाकलंस. फरक तिथं पडला." बास, एवढंच. मला पुरस्काराच्या कागदापेक्षा ते मोठं वाटलं, कारण तो फरक फक्त त्यालाच कळू शकत होता.

धागाकर्ती

दादा, प्रश्न मी दुसऱ्या बाजूनं विचारला होता, पण उत्तर तुमच्याकडूनच मिळालं. काम त्याच क्षेत्रातल्या माणसाला जवळून दिसतं, म्हणून आपल्या शब्दाला वजन. केंद्रप्रमुख सर, माईकवरचं ऐकते. फक्त एक. ज्यांनी असं जवळून काम पाहिलेलंच नाही, त्यांनी काय बोलावं?

निवृत्त केंद्रप्रमुख, कळमनुरी

मग विचारावं. "सर, तुमच्या फाईलमधलं कोणतं काम समितीला आवडलं? मला बघायचंय, शाळेत कधी येऊ?" असं म्हणून खरंच जावं. जाणार नसाल तर नुसतं "अभिनंदन सर" पुरे. न पाहिलेल्या कामाचं कौतुक लगेच उघडं पडतं.

माध्यमिक शिक्षिका, तालुक्याचं नाव लिहीत नाही

सगळ्यांचं वाचलं. पण माझी गोष्ट यात बसत नाही. आमच्याकडं ज्यांना मिळाला त्यांच्या फाईलमधला विज्ञान जत्रेचा उपक्रम माझ्या वर्गाचा होता. फोटोत माझीच मुलं आहेत. त्यांना काय म्हणून सांगू, "तुमचं काम छान"?

मी समोर गेल्यावर "अभिनंदन सर" म्हणाले आणि पुढं चालू लागले. त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकारात गुणांचा तक्ता आणि प्रस्तावाची प्रत मागितली. घरचे म्हणतात, मग अभिनंदन तरी कशाला केलंस?

बँक कर्मचारी, नांदेड

ताई, इथं माझं मत बदललं. पहिलं आणि दणदणीत हा नियम तुमच्यासाठी नाही. पण अर्ज टाकायचाच होता तर अभिनंदनही नको होतं. दोन्ही केलंत की दोन्हीवर संशय येतो.

आशा स्वयंसेविका, मुखेड तालुका

मला तसं वाटत नाही. नमस्कार करावा तसं ते अभिनंदन. ताई खोटं काही बोलल्या नाहीत, कामाचं कौतुक केलंच नाही. तक्रार कागदावर केली, ती तिथंच राहू द्या. फक्त स्टाफरूममध्ये आता त्यांच्याबद्दल कुणाजवळ बोलू नका, नाहीतर उद्या मुलांचे फोटो बाजूला पडतील आणि "हिला पुरस्कार मिळाला नाही म्हणून" एवढंच उरंल.

माध्यमिक शिक्षिका

ते आतापासूनच म्हणायलेत. प्रत अजून आलेली नाही. शुक्रवारी सत्कार आहे आणि हार घालायला माझं नाव ठेवलंय. हार घालणार आहे. दोन शब्द बोला म्हणाले, त्याला मात्र मी नाही सांगितलं.