मदत हवी आहे: कच्ची शेंग आणि हिरव्या फळांवरून रस्त्याकडेची तीन झाडं ओळखायची आहेत

वाटसरू
रस्त्याकडेच्या फळझाडांची यादी करतोय. तीन झाडांवर गाडी अडली आहे. फळं पिकली की आपोआप कळेल, पण यादी त्याआधी द्यायची आहे. फोटो जोडले आहेत, शिवाय थोडं वर्णन:

झाड १ – पान चिंचेसारखं. मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बारकी पानं. शेंग हिरवी, जाडसर, सरळ, साधारण १५ सेंमी. संध्याकाळी पानं मिटतात म्हणून चिंच लिहिलंय, पण शेंग बघून मन मानत नाही.

झाड २ – तुकतुकीत, गर्द हिरवी पानं. हिरवी लांबट फळं, २ सेंमीच्या आसपास. जांभूळ?

झाड ३ – फळ नाही, फूल नाही. झाड बुंध्यापाशी छाटलेलं आहे, फोटो तिथून फुटलेल्या फांदीचा. पान जांभळासारखं, पण २० सेंमी लांब.

खारूताई
१ चिंच नाही, शिरीष आहे. चिंचेची शेंग वाकडी असते.
२ आणि ३ दोन्ही जांभूळ. पानाची चकाकीच सांगतेय. २ ची फळं पावसाच्या तोंडावर काळी होतील, बघा.

नांगरट
चिंच रोपापासून लावली तर फळाला फार वर्षं लागतात. कलम घ्या.

वाटसरू
@नांगरट, लावायची नाहीये हो, आहे ती ओळखायची आहे :)

देठ
वाटसरू, पहिल्या फोटोत गोची अशी आहे की ते पूर्ण पान नाही, पानाचा तुकडा आहे. चिंचेच्या बाबतीत निम्म्या चुका इथेच होतात.

पान कुठे सुरू होतं ते आधी शोधा. बारक्या पानापासून मागे मागे या. हिरवी काडी जिथे लाकडी फांदीला चिकटते तिथे बगलेत कणीएवढा कोंब दिसतो. तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. बारक्या पानांच्या बगलेत कोंब कधीच नसतो. कोंब सापडेना तर अजून मागे या.

आता चिंच असेल तर त्या कोंबापासून एकच काडी निघते आणि तिच्यावर थेट बारकी पानं लागतात, १० ते १८ जोड्या, सगळी जवळपास एका मापाची, टोकं गोल. तुमच्या झाडाच्या काडीला पुन्हा आडव्या काड्या फुटल्या असतील आणि त्या आडव्या काड्यांवर बारकी पानं असतील, असा माझा अंदाज आहे. तुम्ही त्यातली एकच आडवी काडी तोडून फोटो काढलात, म्हणून ती चिंचेच्या पानासारखी दिसते. एक खूण याच फोटोत आहे: बारकी पानं टोकाकडे मोठी होत गेली आहेत आणि मधल्या शिरेच्या एका बाजूला जास्त रुंद, दुसऱ्या बाजूला कमी. चिंचेचं असं नसतं.

पानं मिटण्यावर जाऊ नका. चिंचही मिटते, शिरीषही मिटतो, पर्जन्यवृक्षही मिटतो.

खारूताई, तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर आहात. घराणं शिरीषाचंच, पण शिरीषाची शेंग कागदासारखी चपटी असते, वाळली की वाऱ्यावर खुळखुळते. ही जाड आहे. माझं मत पर्जन्यवृक्ष, ज्याला काही जण विलायती शिरीष म्हणतात. खात्रीसाठी शेंग आडवी मोडून कापाचा फोटो टाका. आणि सालीवर नख ओढून बघा. कच्च्या चिंचेवर तपकिरी भुकटीसारखा थर असतो, नखाने खरवडला की खालून हिरवं दिसतं.

झाड २ चं नाव या फोटोवरून सांगणार नाही. चकाकी धुतलेल्या कुठल्याही पानाला असते.

खारूताई
मान्य, शेंगेची जाडी मी पाहिली नव्हती. पण २ बद्दल अजून जांभूळच म्हणेन.

बोरकाटा
माझ्याकडच्या फोटोत पण चिंचेसारखी शेंग आहे, पण वेटोळं झालंय आणि फांदीवर काटे आहेत. पानं दोन-दोनच. हा पर्जन्यवृक्षाचाच प्रकार का?

देठ
नाही. ती विलायती चिंच. प्रत्येक पानाला दोन फाटे आणि प्रत्येक फाट्यावर दोन बारकी पानं, म्हणजे एकूण चारच. पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी. शेंग हिरवी असतानाच वळायला लागते, नंतर गुलाबी होते, आतला गर पांढरा किंवा गुलाबी आणि बी काळी. ओळखायला सगळ्यात सोपी आहे. खऱ्या चिंचेला काटा नसतो, त्यामुळे काटा दिसला की चिंच बाद.

पारंबी
झाड २ साठी पुढचे पाच फोटो लागतील. ते मिळाले तर वाद उरणार नाही.

१. शेंड्यापासून वीतभर फांदी, पानं न तोडता. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसायला हवं. सुटं पान काही सांगत नाही.
२. एक पान ओल्या फडक्याने पुसून उजेडासमोर धरून. रस्त्याकडेच्या धुळीमुळे बारीक शिरा दिसत नाहीत. फ्लॅश बंद.
३. पानाचा देठ मोडून अर्धा मिनिट थांबून. चीक येतो का?
४. फळाचं टोक आणि फळाचं बूड, दोन्ही वेगवेगळे, जवळून.
५. फळ उभं कापून.

जांभळाची पानं समोरासमोर. उजेडात धरलं की आडव्या शिरा अगदी दाट, समांतर, आणि त्या कडेपर्यंत न जाता कडेच्या थोडं आत एका बारीक शिरेला मिळतात. म्हणजे पानाला आतून किनार शिवल्यासारखी. चुरगळलं की कैरीच्या देठासारखा वास. चीक नाही. आणि कच्च्या फळाच्या टोकाला, देठाच्या विरुद्ध बाजूला, छोटी गोल कडा असते, वाटीच्या काठासारखी. फूल गळून गेलं तरी ती राहते. फळ मुगाएवढं असल्यापासून ती दिसते, त्यामुळे पिकायची वाट बघावी लागत नाही.

चाखून बघू नका, तेवढं सांभाळा. चीक आला आणि पानं पट्टीसारखी अरुंद, फळ हिरवं, कोनेदार असेल तर ती पिवळी कण्हेर असू शकते. ती सगळीच विषारी, बी तर फारच. तसं असेल तर फळ कापायच्या भानगडीतही पडू नका.

वाटसरू
आज फोटो काढले.

झाड १: देठ यांचा अंदाज बरोबर. काडीला पाच आडव्या काड्यांच्या जोड्या आहेत. शेंगेवर भुकटी नाही, खरवडल्यावर आत-बाहेर सारखंच हिरवं. काप चपटा, दोन्ही कडा जाड, फुगीर.

झाड २: पानं एकाआड एक. कडा लहरीसारखी वरखाली. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, दोन थेंब. पान रुंद आहे, पट्टीसारखं नाही. फळाच्या टोकाला वाटी नाही, उलट सुईसारखं टोक आहे. बुडाशी छोट्या पाकळ्यांसारखं काहीतरी चिकटलेलं, मोजली तर आठ. कापल्यावर एकच बी.

पारंबी
बकुळ. बुडाशी जे आठ आहेत ते फुलाच्या बाहेरचं आवरण, फळ पिकेपर्यंत तसंच राहतं. जांभळात अवशेष टोकाला, बकुळीत बुडाला. हे एक लक्षात ठेवलंत तर या दोघांत पुन्हा गल्लत होणार नाही. फळ काळं होणार नाही, नारिंगी होईल.

खारूताई
हरले. पण मग झाडाखाली सापडतात ती काळी-जांभळी लांबट फळं? तिथे पानं एकाआड एकच आहेत, आणि कडाही लहरीदार.

पारंबी
पान लांब, अरुंद आणि झाड उंच सुळक्यासारखं असेल तर तो खोटा अशोक. त्याची फळं खाली पडली की हुबेहूब जांभळं वाटतात. झाडावर बघा: एका गाठीतून कितीतरी फळं, प्रत्येकाला स्वतंत्र देठ. जांभळाचा घोस फांद्याफांद्यांचा असतो आणि बहुतेकदा पानांच्या मागे, जुन्या काडीवर येतो.

वाटसरू
बकुळ फळझाडांच्या यादीत ठेवू का?

देठ
फळ खातात, पिठूळ आणि तुरट असतं. यादी खाण्याजोग्या फळांची असेल तर ठेवा, लोक आवडीने तोडतात अशा फळांची असेल तर काढा. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा गुरं खातात. तो मी तरी वगळेन.

झाड ३ बद्दल: उजेडात धरून किनारीची शीर दिसते का आणि देठ किती लांब?

वाटसरू
किनार स्पष्ट आहे. पानं समोरासमोर, चीक नाही. देठ जेमतेम अर्धा सेंमी. पानाचं बूड किंचित आत वळलेलं, हृदयासारखं.

बोरकाटा
मग जांभूळच ना? तिन्ही खुणा जुळल्या.

देठ
तिन्ही खुणा जांभळाच्या भाऊबंदांनाही लागू होतात. आखूड देठ आणि हृदयासारखं बूड म्हटलं की मला जाम आठवतो, तो पांढरा-गुलाबी, घंटेसारख्या फळाचा. जांभळाचा देठ सहसा १ ते २ सेंमी असतो आणि पान १५ सेंमीच्या आत.

पारंबी
जामकडे माझाही कल आहे, पण नाव लिहायला धजणार नाही. छाटलेल्या बुंध्यातून जोरात आलेल्या फुटव्याची पानं नेहमीपेक्षा बरीच मोठी होतात, जांभळाचीही. लांबीवर अजिबात विसंबू नका. प्रश्न देठाचा आहे. फुटव्यात देठही इतका आखडतो का, यावर आमचं दोघांचं एकमत होईल असं वाटत नाही.

देठ
नाही होणार. माझ्या मते देठ फारसा बदलत नाही.

वाटसरू, छाटणीतून वाचलेली एखादी जुनी, वरची फांदी आहे का? तिच्यावरची पाच-सहा पानं मोजा, देठ वेगळा, पान वेगळं. तीही तशीच आखूड देठाची निघाली तर जाम लिहा.

वाटसरू
एक फांदी आहे, पण बरीच उंच, विजेच्या तारेजवळ. आकडी घेऊन जायची जागा नाही. खाली गळलेली जुनी पानं चालतील का?

देठ
चालतील, देठ शाबूत असलेलीच उचला. आणि आजूबाजूला दुसरं तसंच झाड नाही ना, तेवढं बघून घ्या. तोवर यादीत "जांभूळवर्गीय, नाव बाकी" असं लिहा.