‘त्या वेळेला जमणार नाही’ हे नम्रपणे कसं लिहायचं?

अनुवादिनी:
मी घरून अनुवादाचं काम करते, सकाळी 10 ते संध्याकाळी 7. सध्या कॅलिफोर्नियातल्या एका मराठी शाळेसाठी मुलांचं वाचनपुस्तक करते आहे. तिथले समन्वयक मराठीच आहेत, वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणते. आमचा सगळा पत्रव्यवहार मराठीत असतो. त्यांचा निरोप आला: ‘येत्या गुरुवारी आमच्या सकाळी 11 ला बोलूया, चालेल ना?’ इथे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असणार. मी असा मसुदा केला आहे:

‘क्षमस्व, आपण सुचवलेली वेळ माझ्या कार्यालयीन वेळेत बसत नाही. शक्य असल्यास मीटिंग थोडी मागे घ्यावी ही विनंती.’

वाचताना नोटीस वाटते. ‘मागे घ्यावी’ही खटकतंय. काय बदलू?

भाषाप्रेमी_लातूर:
स्लॉटला मराठीत काय म्हणावं हा प्रश्न खूप दिवसांपासून माझ्याही मनात आहे. ‘वेळपट्टी’ कसा वाटतो?

अनुवादिनी:
तो प्रश्न नाहीये हो माझा. मी स्लॉट म्हटलेलंच नाही, ‘वेळ’ म्हटलंय.

परतलेला_पुणेकर:
बे एरियात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. फरक साडेबारा तासांचा असतो, म्हणजे त्यांचे 11 म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. तुमचा एक तास चुकतोय. बाकी मसुदा ठीक आहे. ‘शक्य असल्यास’ मात्र अजिबात काढू नका, सगळी नम्रता त्यातच आहे.

निवृत्त_मसुदेकार:
फरक साडेबारा तासांचा उन्हाळ्यात असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेतेरा तासांचा राहतो. आत्ता नोव्हेंबरचा उत्तरार्ध चालू आहे, तेव्हा बाईंचे साडेबारा बरोबर आहेत.

आता मसुदा. माझी नोकरी सरकारी टिपणं लिहिण्यात गेली, त्यामुळे ही भाषा कुठून येते ते मला चांगलं ठाऊक आहे. ‘कार्यालयीन वेळ’ कार्यालयाची असते. मंत्रालयाची पावणेदहा ते सव्वासहा, तशी. घरून एकटीने काम करणाऱ्या माणसाने ते लिहिलं की खिडकी बंद झाल्यासारखी वाटते. ‘मी एरवी दहा ते सात काम करते’ असं सरळ लिहा. त्यातल्या ‘एरवी’मुळे थोडं इकडेतिकडे चालेल हेही कळतं.

‘शक्य असल्यास’वर माझा खरा आक्षेप आहे. ते नम्र आहे, पण त्याच्या पोटात ‘शक्य नसल्यास तुमचीच वेळ कायम’ हा अर्थ दडलेला आहे. दादा शांतपणे लिहितील, ‘नाही गं, बदलता येत नाही, 11 लाच भेटू.’ आणि ते चुकीचं वागले असंही म्हणता येणार नाही, कारण ती मुभा तुम्हीच दिलीत. नकार आधी स्पष्ट येऊ दे आणि मऊपणा पुढच्या प्रश्नात ठेवा: ‘काय सोयीचं पडेल?’

परतलेला_पुणेकर:
घड्याळाचं मान्य. पण थेट ‘जमणार नाही’ लिहिलं तर तोडून टाकल्यासारखं नाही का वाटत? आम्ही ‘बघते, जमवते’ असं म्हणायचो.

निवृत्त_मसुदेकार:
‘बघते’ म्हणजे नाही, हे समोरासमोर आवाजावरून कळतं. लिहिलेल्या निरोपात ते होकारासारखंच दिसतं आणि दादा साडेबाराला फोन लावून बसतील. ‘जमणार नाही’ कठोर वाटत असेल तर ‘जमण्यासारखं नाही’ लिहा. त्यात दोष परिस्थितीकडे जातो, तरी नकार पक्का राहतो.

दातदुखी_डॉट_सांगली:
माझा दवाखाना रात्री 8 ला बंद होतो. पेशंट हमखास विचारतात, ‘डॉक्टर, साडेनऊला आलो तर?’ मी एवढंच म्हणतो, ‘उद्या सकाळी साडेनऊला या, पहिला नंबर तुमचाच.’ नाही हा शब्दच तोंडातून काढत नाही. तुम्हीही थेट दुसरी वेळ सांगून मोकळ्या व्हा.

कोकणकन्या:
डॉक्टर, तुमच्याकडे गरज पेशंटची असते, म्हणून ते चालून जातं. इथे काम देणारे दादा आहेत. त्यांच्या वेळेचा उल्लेखच केला नाही तर निरोप नीट वाचला नाही असं त्यांना वाटेल.

आणि ‘मागे घ्यावी’ खटकतं ते बरोबरच आहे. प्रस्ताव मागे घेतात, तक्रार मागे घेतात. मीटिंग मागे घ्या म्हटलं तर रद्द करा असाही अर्थ होतो. ‘अलीकडे घ्या’ हे त्यापेक्षा स्वच्छ आहे. पण कॅलिफोर्नियाशी बोलताना अलीकडे-पलीकडे हवंच कशाला? दोन्हीकडचा वार आणि वाजलेले आकडे लिहा. कारण ‘गुरुवारी रात्री साडेबारा’ म्हटलं की आपल्या बोलण्यात तो गुरुवार संपतानाचा असतो, कॅलेंडरमध्ये मात्र शुक्रवार लागलेला असतो. जुन्या रीतीने वार सूर्योदयाला बदलतो, तीच सवय आपल्या तोंडात राहिली आहे. दादांनी आकडा भरताना गुरुवार 00:30 टाकला तर निमंत्रण थेट चोवीस तास आधीचं जाईल.

निवृत्त_मसुदेकार:
नेमकं. आता गणित. त्यांचे 9 ते 5 म्हणजे आत्ता आपले रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा. बाईंच्या 10 ते 7 शी त्यांची कुठेच गाठ पडत नाही. म्हणजे ‘माझ्या वेळेत या’ म्हणण्यात अर्थ नाही, दोघांनाही थोडं सरकावं लागणार. आपण किती सरकतोय ते निरोपात दिसलं की नम्रतेचे वेगळे शब्द पेरावे लागत नाहीत. मी असं लिहीन:

‘नमस्कार दादा, पुस्तकाबद्दल लवकर बोलायला हवं, खरंच. तुमचे गुरुवारचे सकाळी 11 म्हणजे इथे शुक्रवार लागून रात्रीचे साडेबारा होतात, तेव्हा बोलणं मला जमण्यासारखं नाही. मी एरवी 10 ते 7 काम करते, पण यासाठी थोडं आधी किंवा नंतर बसेन. गुरुवारी तुमच्या सकाळी 7:30 ला बोलूया का? इथे गुरुवारीच रात्रीचे 9 वाजलेले असतील. किंवा गुरुवारी तुमच्या संध्याकाळी 6:30 ला, म्हणजे इथे शुक्रवारी सकाळी 8 ला. यांतलं काय सोयीचं पडेल? दोन्ही अडचणीचं असेल तर तुम्हीच एखादी वेळ सुचवा, इथली सकाळी 8 ते रात्री 9 मधली कुठलीही चालेल.’

शेवटच्या वाक्यातली हद्द गाळू नका. ती नसली तर पुन्हा मध्यरात्रीची वेळ येईल.

अनुवादिनी:
‘शुक्रवार लागून’ फार आवडलं. क्षमस्व गेलं ते बरंच झालं, पण निदान ‘माफ करा’ तरी हवं ना?

निवृत्त_मसुदेकार:
कशाबद्दल? ठरलेली वेळ तुम्ही मोडलेली नाही. वेळ ठरायचीच आहे. आणि क्षमस्व म्हणजे ‘क्षमा कर’, एकेरीत. वयाने मोठ्या दादांना नकोच.

कोकणकन्या:
एवढी व्युत्पत्ती कोण बघतो! क्षमस्व आता सगळे सगळ्यांना म्हणतात, त्यातला एकेरीपणा केव्हाच गेला. माझ्या मते ‘माफ करा दादा’ एकदा असायला हरकत नाही. अमेरिकेत राहून ते लोक दर वाक्याला सॉरी ऐकतात, नसलं तर टोचेल.

परतलेला_पुणेकर:
टोचणार नाही. पण ‘10 ते 7 काम करते’ हे वाक्य मी काढेन. आपली वेळ कशाला उघड करायची? पुढच्या कामाच्या वेळी तेच बघून ठरवतील.

अनुवादिनी:
ते बघून ठरवावं म्हणूनच तर ठेवतेय. ‘माफ करा’चं अजून ठरत नाहीये. आत्ता ते न घालता पाठवते, उत्तर आलं की इथे लिहीन.

भाषाप्रेमी_लातूर:
आणि वेळपट्टीचं काय?