मदत हवी आहे: क्रोम अपडेट होत नाही, बँकेची साइट अडवते

टॉवेलवाला_सोलापूर
कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर क्रोम अपडेटच होत नाही. बँकेची साइट लॉगिनच्या आधीच ‘ब्राउझर जुना आहे’ म्हणून अडवते. क्रोम काढून परत टाकलं, तरी तेच. शनिवारी कामगारांचा पगार करायचाय. फॉरमॅट मार म्हणून कुणी सांगू नका, ते जमणार नाही.

सुहास_हार्डवेअर
आधी कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डावरचा 2032 सेल उतरला की घड्याळ मागे जातं आणि एकही साइट धड उघडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशिनींचं दुखणं हेच असतं.

रेवण
तारीख चुकली तर सर्टिफिकेटची एरर येते, ‘ब्राउझर जुना’ असं येत नाही. मालक, विंडोज कोणती ते सांगाल का? आणि chrome://version टाकून पहिल्या ओळीतला आकडा द्या.

टॉवेलवाला_सोलापूर
तारीख बरोबर आहे. विंडोज 7, 32 बिट, रॅम 2 जीबी. आकडा 109.0.5414.120.

रेवण
मग बिघाड काहीच नाही. विंडोज 7 साठी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, जानेवारी 2023 ची. कितीही वेळा काढून टाकलंत तरी तिथंच येऊन थांबणार. खुद्द विंडोज 7 चा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपला.

चावीवाला
एवढं कशाला? यूजर एजंट बदलायचं एक्स्टेंशन टाका, नवीन क्रोम आहे असं दाखवा, बँक आत घेईल. मी तसंच चालवतो.

रेवण
आत घेईलही, पण त्यानं फक्त दारावरची पाटी बदलते. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या कोडमधली चूक सापडली. मुद्दाम तसं बनवलेलं चित्र नुसतं पानावर दिसलं तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता, क्लिकचीही गरज नव्हती. दुरुस्ती क्रोम 116 मध्ये आली. मालकांच्या 109 मध्ये ती नाही आणि एक्स्टेंशन टाकून येणारही नाही. त्याच ब्राउझरमधून पगाराचे पैसे पाठवायचे?

चावीवाला
मला आजवर काही झालं नाही.

अनघा_जुळे_सोलापूर
माझा लॅपटॉप विंडोज 10 चा आहे, 11 घेत नाही म्हणतो. मला पण नवीन घ्यावा लागेल का?

रेवण
ताई, तुमचं वेगळं आहे. 10 वर क्रोम अजून अपडेट होतं. त्याचा स्वतंत्र धागा काढा, तिथं सांगतो.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स मिंट टाका, विषय संपला. विंडोज 32 बिट असली तरी प्रोसेसर बहुधा 64 बिट असतो.

टॉवेलवाला_सोलापूर
अहो, लिनक्स टाकून काय करू? याच मशीनवर जेकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर आहे. मागे प्रिंटरच्या जुन्या पोर्टात डोंगल लागतं, ते काढलं की सॉफ्टवेअर उघडतच नाही. ज्यानं दिलं त्यानं धंदा बंद केला. बॉर्डरची सगळी डिझाइनं त्यातच आहेत.

रेवण
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मग या मशीनला हात लावू नका. तिला फक्त डिझाइनला ठेवा आणि नेटची वायर काढून टाका. लॅनमधूनही काढा. 2017 चा वॉनाक्राय व्हायरस नेटवर्कमधूनच एका विंडोज 7 वरून दुसऱ्यावर पसरत गेला होता, ब्राउझर उघडायचीही गरज नव्हती. डिझाइन फाइल पेनड्राइव्हनं न्या, तो पेनड्राइव्ह याच कामाला ठेवा आणि अपडेट मिळणाऱ्या विंडोजवर स्कॅन करून मगच लावा.

बँक आणि जीएसटीला दुसरं मशीन घ्या. जुनं चालेल, पण 64 बिट, 4 जीबी रॅम आणि एसएसडी बघून.

पेंग्विनप्रेमी
त्या दुसऱ्यावर तरी मिंट टाका. डिझाइन सॉफ्टवेअरही व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवता येईल.

सुहास_हार्डवेअर
प्रिंटर पोर्टचं डोंगल व्हर्च्युअलमध्ये सापडेलच असं नाही. दोन गिऱ्हाइकांकडे मी हात टेकले. आणि यांची डिजिटल सहीची टोकन असेल, तिचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळतो का ते आधी विचारा.

टॉवेलवाला_सोलापूर
टोकन आहे. पण शनिवारच्या आत मशीन कुठून आणू?

रेवण
या आठवड्यापुरता घरच्या कुणाचा अपडेट मिळणारा लॅपटॉप घ्या. तो नसेल तरच इथं फायरफॉक्स 115 ईएसआर टाका, 32 बिटवालं. ती शाखा मोझिलानं विंडोज 7 सारख्या जुन्या सिस्टिमसाठी लांबवत नेली, वेबपीची दुरुस्ती तिच्यात 115.2.1 पासून आहे. पण खालची विंडोज उघडीच राहते, म्हणून फक्त बँक उघडा, मेल नाही. बँक 115 घेते का ते उघडून बघावं लागेल.

टॉवेलवाला_सोलापूर
मुलीचा लॅपटॉप आहे, रात्री आणतो. डिझाइनच्या हार्ड डिस्कची कॉपी कशी काढायची? डिस्क 2011 ची आहे.

सुहास_हार्डवेअर
तीच आधी काढा, ब्राउझर नंतर. नुसत्या फाइली नको, पूर्ण डिस्कची इमेज घ्या. क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालवा, आणि सोर्स-टार्गेट निवडताना डिस्कचा साइज दोनदा वाचा. उलटं निवडलं तर डिझाइनं जातील. अक्कलकोट रोडला असाल तर मी येतो.