अबूंचं बाथटबमधलं व्यंगचित्र: संदेश बरोबर, संदर्भ चुकला, तर गुण कापावेत का?

चैत्रपालवी:
मुलगी अकरावीत आहे, विषय राज्यशास्त्र. चाचणीत अबू अब्राहम यांचं ते चित्र आलं होतं, राष्ट्रपती बाथटबमध्ये बसून कागद परत देतायत ते. सहा गुण: चिन्हं, संदर्भ आणि चित्रकाराचा संदेश. तिने लिहिलं, "२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आंघोळ करता करता आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, म्हणजे ते फक्त रबरी शिक्का होते." सहापैकी तीन मिळाले. रबरी शिक्का हा मुद्दा तिला कळलाय ना? मग एका तारखेपायी अर्धे गुण कापणं योग्य आहे का?

मोकळाश्वास:
मुळीच योग्य नाही. व्यंगचित्र बघितल्याक्षणी कळायला हवं, तिथेच त्याची ताकद असते. उघडं अंग म्हणजे पदाची गेलेली शान, टब म्हणजे सत्तेतला ऐषाराम, आणि दाराशी आलेला हात म्हणजे पंतप्रधान. मुलीने मर्म पकडलंय. तारखाच हव्या असतील तर सनावळीचा वेगळा प्रश्न काढा. शिवाय ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक झालाच होता, त्यामुळे रबरी शिक्का हे उत्तर कायद्यानेही बरोबर ठरतं. मी सहापैकी पाच दिले असते.

खडूफळा:
अकरावी-बारावीला सव्वीस वर्षं हा विषय शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चैत्रपालवीताई, तुमच्या मुलीची चूक तारखेची नाही. ती दुसऱ्याच कागदाबद्दल लिहितेय. चित्राखालची ओळ पुन्हा वाचा: "आणखी काही अध्यादेश असतील, तर त्यांना जरा थांबायला सांगा." यात आणीबाणीच्या घोषणेचा उल्लेख कुठे आहे? घोषणा निघाली अनुच्छेद ३५२ खाली, २५ जूनच्या रात्री, आणि मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. अध्यादेश निघतो अनुच्छेद १२३ खाली, संसदेचं अधिवेशन चालू नसताना, कायद्याच्या जागी तात्पुरता म्हणून. दोन्ही कागदांवर सही राष्ट्रपतींचीच असते, म्हणून मुलं ती एकच समजतात. हे चित्र दिलं की वर्गातली निम्मी मुलं २५ जून लिहितात, हा माझा दरवर्षीचा अनुभव.

आता चित्राची तारीख बघा. 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये ते आलं १० डिसेंबर १९७५ ला, म्हणजे आणीबाणीला साडेपाच महिने होऊन गेल्यावर. त्याआधी दोनच दिवस, ८ डिसेंबरला, वृत्तपत्रांशी संबंधित तीन अध्यादेश एकदम निघाले होते. एकाने 'आक्षेपार्ह मजकूर' छापण्यावर बंदी आणली, दुसऱ्याने प्रेस कौन्सिल मोडीत काढलं, आणि तिसऱ्याने संसदेतल्या कामकाजाच्या बातम्या देणाऱ्या वर्तमानपत्रांचं १९५६ पासूनचं कायदेशीर संरक्षण काढून घेतलं. ते संरक्षण फिरोज गांधींनी आणलेल्या विधेयकातून मिळालं होतं. दोन दिवसांनी एका वर्तमानपत्राचा व्यंगचित्रकार अध्यादेशांवर चित्र काढतो, तेव्हा तो जूनमधल्या एका रात्रीबद्दल बोलत नसतो. तो त्या आठवड्याबद्दल बोलत असतो.

याने संदेशच बदलतो. जून धरला तर अर्थ होतो, "एकदा, एका रात्री, न विचार करता सही झाली." डिसेंबर धरला तर अर्थ होतो, "आता हे रोजचंच झालंय, आंघोळीलासुद्धा उसंत नाही." ओळीतला 'आणखी' हा शब्द दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवतो. म्हणून मला मुलीचा संदेश अर्धाच बरोबर वाटतो.

मोकळाश्वास, ४२ वी दुरुस्ती १९७६ ची आहे, चित्रानंतरची. चित्रकाराला माहीत असणं शक्य नव्हतं ते त्याच्या तोंडी घातलं की उत्तर तिथेच घसरतं. तरी तुमचा मूळ मुद्दा वाया जात नाही. १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात असं म्हटलं होतं. आणि ऑगस्ट १९७५ च्या ३८ व्या दुरुस्तीने अध्यादेशाची गरज आहे की नाही याबद्दलचं राष्ट्रपतींचं समाधान न्यायालयात तपासता येणार नाही असं केलं. या दोन्ही गोष्टी चित्राच्या आधीच्या आहेत, त्यामुळे उत्तरात चालतील.

मोकळाश्वास:
४२ व्या दुरुस्तीबाबत मान्य, वर्ष माझ्या डोक्यात उलटं बसलं होतं. पण सोळा वर्षांच्या मुलीला ८ डिसेंबर माहीत असावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. पाठ्यपुस्तकात एवढा तपशील नसतो.

खडूफळा:
८ डिसेंबर माहीत नसला तरी चालेल. प्रश्नपत्रिकेत चित्राखाली 'अध्यादेश' हा शब्द छापलेला आहे, आणि तारीखही दिली असेल तर काम आणखी सोपं. मी मुलांना सांगायचो, चित्र बघायच्या आधी त्याखालची ओळ वाचा. पहिलं मिनिट तिथे घालवा.

येरवड्याची_लेक:
माझे वडील मिसाखाली येरवड्याला होते, एकोणीस महिने. मी तेव्हा तिसरीत होते. तुम्ही सहा गुण आणि तीन गुण करताय, मला हे वाचवत नाही. आणीबाणी काय होती ते मुलांना कळलं पाहिजे, तारीख इकडेतिकडे झाली तरी चालेल. आमच्याकडे पोलीस २६ जूनला पहाटे आले, तेव्हा आईने दिवासुद्धा लावला नव्हता. त्या मुलीने २५ जून लिहिलं, म्हणजे तिला खरी तारीख ठाऊक आहे. तिला शाबासकी द्या.

खडूफळा:
ताई, तुमच्या घरावर जे आलं त्यापुढे गुणांचा हिशोब थिटाच आहे, ते कबूल. पण डिसेंबर विसरला तर आणीबाणी एका रात्रीत उरकली असं मुलांना वाटतं. तुमचे वडील आत असताना बाहेर महिनोन् महिने एकेक कागद निघत होता. हे चित्र त्या महिन्यांचं आहे.

रेघमाझी:
मी स्वतः चित्रं काढते, म्हणून वेगळी बाजू मांडते. सरांचा डिसेंबरचा मुद्दा पटला. पण 'टब म्हणजे ऐषाराम', 'हात म्हणजे पंतप्रधान' अशी एकास एक जोडी लावायला मुलांना शिकवू नका. पंतप्रधान त्या चित्रात नाहीतच. दाराशी कागद घ्यायला आलेला माणूस कुणाचाही असू शकतो, आणि तो कुणाचा हे न सांगणं ही चित्रकाराची निवड आहे. टबही ऐषारामाचा म्हणून काढला असेल असं मला वाटत नाही. आंघोळ ही प्रत्येक माणसाची दार बंद करून करायची गोष्ट. तिथवर सरकारी कागद पोचला, विनोद त्यात आहे. उत्तरात चिन्हाचा अर्थ लिहायचा तर 'चित्रात हे दिसतं, म्हणून मला असं वाटतं' असं लिहावं.

दुसरं म्हणजे, टोला कुणावर आहे? राष्ट्रपतींवर, असं सगळे धरून चाललेत. मला तर त्या चित्रातला माणूस थकलेला वाटतो. 'त्यांना जरा थांबायला सांगा' हे निदान 'थांबा' तरी आहे.

खडूफळा:
एकास एक जोड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही ती सवय तोडायचा प्रयत्न करायचो. टोल्याबद्दल मात्र माझं मत वेगळं. तो 'थांबा' म्हणतो, 'नाही' म्हणत नाही. अंग पुसून झालं की पुढचा कागद येणारच, हे त्यालाही ठाऊक आहे. त्या 'जरा'त मला शरणागती दिसते.

चैत्रपालवी:
सर, मग सहा गुणांचं उत्तर तुम्ही स्वतः कसं लिहाल? दहा मिनिटांत मावेल असं.

खडूफळा:
साधारण असं:

"चित्रात राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसूनच सही केलेला कागद दाराकडे देत आहेत. खासगी क्षणीही कागद येतात यावरून सह्यांची घाई दिसते, तर उघड्या अंगामुळे सर्वोच्च पदाचा मान गळून पडल्यासारखा वाटतो. ओळीतला 'आणखी' हा शब्द सांगतो की हा पहिला अध्यादेश नाही. चित्र डिसेंबर १९७५ चं, म्हणजे आणीबाणी चालू असतानाचं आहे. अधिवेशन नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढता येतो, आणि याच सुमारास वृत्तपत्रांवर बंधनं घालणारे अध्यादेश निघाले होते. अडीअडचणीसाठी दिलेला हा अधिकार सरकार नेहमीच्या कारभारासाठी वापरत आहे आणि राष्ट्रपती तो अडवत नाहीत, अशी टीका चित्रकार करतो."

शेवटच्या वाक्यात 'टीका करतो' आहे ते बघा. पुष्कळ मुलं 'राष्ट्रपती टबात सही करत आहेत' हाच संदेश म्हणून लिहितात. ते वर्णन झालं. चित्रकार कुणाला काय म्हणतोय हे एका क्रियापदात आलं पाहिजे: टीका करतो, इशारा देतो, पाठिंबा देतो.

मी दोन-दोन-दोन असे गुण धरतो. तुमच्या मुलीला चिन्हांना एक, कारण टब आणि सही तिने टिपली पण ओळ सोडली. संदर्भाला अर्धा, कारण आणीबाणीचा काळ ओळखला. संदेशाला दीड. म्हणजे तीन.

मोकळाश्वास:
म्हणजे शाळेएवढेच! मी आता पाच नाही, पण साडेतीन तरी देईन. संदर्भाला एक द्यायला हरकत नव्हती, आणीबाणी तरी तिने अचूक ओळखली.

रेघमाझी:
आणि मी नमुना उत्तरातलं 'राष्ट्रपती तो अडवत नाहीत' खोडेन. शमशेर सिंग खटला सरांनीच सांगितला. ज्याला अडवायचा हक्कच नाही त्याने अडवलं नाही, ही टीका कशी?

खडूफळा:
सल्ला पुन्हा विचारार्थ पाठवायची तरतूद घटनेत लिहिली गेली ती १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने, हे खरं. पण त्याआधीही राष्ट्रपती प्रश्न विचारू शकत होते, चार दिवस कागद ठेवून घेऊ शकत होते. तेवढीही उसंत न घेतल्याचं हे चित्र आहे, असं मी वाचतो. तुमचं वाचन एखाद्या मुलाने कारण देऊन लिहिलं, तर त्यालाही पूर्ण गुण देईन.

चैत्रपालवी:
मुलीला आत्ता फक्त चित्र आणि ओळ दाखवली, बाकी काही सांगितलं नाही. पहिलाच प्रश्न तिचा: "आई, अध्यादेश म्हणजे आणीबाणी नाही का?" गुणांबद्दल शाळेत बोलायला जाणार होते, आता नाही जात. उद्या तिच्याबरोबर अनुच्छेद १२३ वाचायला बसते.