सल्ला हवा: नायकाच्या मनातलं लिहायचंय, कोरडं नको आणि पाकातलंही नको

बाळीवेसची
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी प्रेमकथा लिहितेय. शब्दमर्यादा 2500, पाठवायची शेवटची तारीख 15 ऑगस्ट. नायक दिलीप, वय 34, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. सुरेखा तिथेच टेबलावर धागे कापून घड्या घालते. नवऱ्यापासून वेगळी राहते. प्रसंग असा की तिचं बोट कापलंय आणि ते त्याच्या लक्षात येतं.

पहिला खर्डा:
"दिलीपनं तिच्या बोटाकडे पाहिलं. काही बोलला नाही. पान्हा उचलून चौथ्या मागाकडे गेला."

मैत्रीण म्हणाली, हा माणूस आहे की खांब? मग दुसरा लिहिला:
"तिच्या नाजूक बोटावरचा रक्ताचा थेंब पाहून त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. जगातलं सगळं दुःख आपण ओंजळीत घ्यावं आणि हिला फक्त फुलं द्यावीत असं त्याला वाटलं."

हा वाचून माझी मलाच लाज वाटली. मधला रस्ता कसा काढायचा? कथा तृतीयपुरुषी आहे, तशीच राहणार. कार्यशाळा नकोत. एखादं पुस्तक सुचवलंत तर 300 रुपयांपर्यंत घेईन.

होटगीरोडचा
ताई, सरळ 'मी' करून टाका. माझ्या कथेला जिल्हा पातळीवर पहिलं बक्षीस मिळालं, ती पूर्ण प्रथमपुरुषी होती. 'मी' आला की मन आपोआप उघडतं. आणि पुण्यात एक दोन दिवसांची कार्यशाळा असते, फी 6000, पण पैसे वसूल. सकाळची हुतात्मा पकडायची, साडेदहा-अकराला पुण्यात.

बाळीवेसची
दादा, तृतीयपुरुषी आणि 300 असं वर लिहिलंय.

निवृत्त_मास्तर
पहिलाच खर्डा ठेवा. आपल्याकडचा कष्टकरी पुरुष असले विचार करत बसत नाही. वाक्यं तोडा, विशेषणं काढा, झालं. 'नाजूक' हा शब्द तर प्रेमकथेतून हद्दपारच केला पाहिजे.

तिसरी_पाळी
मास्तर, कष्टकरी पुरुष विचार करत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी मागावर काम करतो. बारा तास धडधडाटात उभं राहिल्यावर विचार सोडून दुसरं काय करणार? शेजारच्याशी बोलायचं तरी हातवाऱ्यानं नाहीतर कानाशी तोंड नेऊन. दिवसभराचं सगळं डोक्यातच चालतं.

लेखक लोकांवर माझा राग आहे. कारखान्याची गोष्ट म्हटली की माग, सूत, घाम आणि शोषण. जॉबर काय करतो ते कुणाला ठाऊक नसतं. तो बघायच्या आधी ऐकतो. वीस माग चालू असताना एकाचा ठोका चुकला तरी त्याची मान तिकडे वळते. तुमच्या दिलीपला आधी कान द्या.

भवानी_पेठ_मावशी
प्रेमाचं म्हणाल तर आपल्या गावासारखी गोष्ट नाही. सिद्धरामेश्वरांवर कुंभाराच्या मुलीचं मन बसलं, ते योगी, म्हणून त्यांनी योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. अजून दर जानेवारीला गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. तुमच्या कथेत अक्षता सोहळा घ्याच. नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, काय दृश्य होईल!

होटगीरोडचा
मावशी, बरोबर. शिवाय प्रथमपुरुषीत तो सोहळा अजून उठून दिसेल.

सात_रस्ता
मी प्रकाशनासाठी आलेल्या कथा वाचते, त्यातल्या बऱ्याच प्रेमकथा. तुमच्या दोन्ही खर्ड्यांचं दुखणं वेगवेगळं आहे.

पहिल्यात दिलीपच्या जागी भिंतीवरचा कॅमेरा ठेवला तरी काही कमी होत नाही. तो काय बघतो ते कळतं, पण तेच का बघतो ते कळत नाही. म्हणून तो थंड वाटतो. मास्तर म्हणतात तशी वाक्यं आखूड ठेवा, त्यात चूक नाही, पण नुसत्या आखूड वाक्यांनी कॅमेऱ्याचा माणूस होत नाही.

दुसऱ्यात सुरेखाच्या जागी कुठलीही बाई बसवा, परिच्छेद जसाच्या तसा राहतो. ओंजळ, फुलं, काळजाचं पाणी यातलं काहीच दिलीपचं नाही, ते आपण वाचलेल्या कथांमधून आलंय. भावना जास्त झाली म्हणून ते पाकातलं लागत नाही. ती कुणाबद्दल आहे हेच त्यात हरवलंय, म्हणून लागतं.

तेव्हा 'त्याला काय वाटलं' हे आधी विचारू नका. बाकी कुणाला दिसलं नाही असं त्याला काय दिसलं, आणि ते दिसायला तो किती दिवस बघत असला पाहिजे, हे विचारा. वाचक तेवढ्यावरून ओळखतो. मी करून बघते:

"उजव्या हाताची ती, आज कात्री डाव्या हातात. सकाळपासून. घडी घालताना तर्जनी वर उचललेली. टेबलाची पत्र्याची कड. मालकाला त्यानं सांगितलं होतं. औषधाची पट्टी टिकायची नाही, घामानं आणि कापसाच्या धुळीनं दुपारपर्यंत सुटणार. वरून काळ्या टेपचा वेढा पाहिजे. टेप त्याच्या डब्यात होती. पण द्यायची कशी? सगळ्यांसमोर दिली तर उद्यापासून बायका बोलणार. तिला बोलणार, त्याला नाही. चौथ्या मागाचा ठोका बदलला होता, जायला हवं होतं. तिनं डाव्या हातानं घडी घातली, वाकडी आली, उलगडून पुन्हा घातली. दुखत असणार."

यात 'त्याला वाटलं' एकदाही नाही. तृतीयपुरुषीच आहे, तरी वाक्यं त्याच्या डोक्यातली आहेत. "मालकाला त्यानं सांगितलं होतं" इथे निवेदक बोलतो आणि "पण द्यायची कशी?" इथे दिलीप. मध्ये दार लावायची गरज नाही. भावनेचं वाक्य एकच आहे, तेही अगदी साधं, आणि ते टेपच्या हिशोबानंतर येतं. "दुखत असणार" सुरुवातीला टाकून बघा, पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण होऊन बसेल.

निवृत्त_मास्तर
चांगलं जमलंय. पण शेवटचं वाक्य काढा. घडीवर थांबा.

सात_रस्ता
मास्तर, ते काढलं की तो पुन्हा खांब होतो. एवढं सगळं पाहिल्यावर त्याला एकदा तरी तिच्या दुखण्यापर्यंत जाऊ द्या.

तिसरी_पाळी
आता बरं वाटलं वाचून. टेपचं खरं आहे, इन्सुलेशन टेप प्रत्येक जॉबरच्या डब्यात असते आणि आम्ही बोटाला तीच गुंडाळतो. पण एक राहिलं. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती घट्ट मिटत नाहीत, धागा कापायच्या ऐवजी मध्ये दुमडतो. म्हणजे तिच्या घड्यांवर धागे राहिलेले असणार. दिलीप मागापाशी, टेबल लांब. त्याला बोट कुठून दिसतंय? त्याला आधी टॉवेल दिसेल.

सात_रस्ता
हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. धागे राहिलेले टॉवेल बघून बाकी सगळे तिला निष्काळजी म्हणणार, आणि तो एकटाच तिचा हात बघायला मान वळवणार.

माळ्याचा_प्रदीप
मी लेखक नाही, धागा वाचला म्हणून लिहितो. माझी बायको सिव्हिलमध्ये होती तेव्हा मी बाहेर बाकावर बसून एकच विचार करत होतो, घरी दुधाचं पातेलं झाकलंय का. ते दूध तिनं तापवलेलं होतं. नासलं तर ती आल्यावर हळहळेल असं डोक्यात बसलं होतं. तिच्याबद्दल काहीतरी मोठं मनात यायला हवं होतं, पण पातेलंच येत होतं. आणखी एक. लग्नात आमच्याकडे तिचं नाव बदललं. घरात सगळे नवीन नावानं हाक मारतात, मी "अगं" म्हणतो. मनात मात्र तिचं माहेरचं नावच येतं. तिला हे माहीत नाही.

बायकोसाठी असं काही लिहून द्यायचं असेल तर कसं लिहावं? लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय.

बाळीवेसची
प्रदीपदादा, वर लिहिलंत तेच द्या. काही बदलू नका.

होटगीरोडचा
धाग्यांवरून सुचलं. "तिचं आयुष्य म्हणजे तुटलेलं सूत, आणि त्याला गाठ मारता येत होती." असं वाक्य टाका, जॉबरच्या तोंडी शोभेल. परीक्षकांना आवडतं असं.

सात_रस्ता
हे नको. फुलांच्या जागी सूत आलं एवढंच, पाक तोच आहे. दिवसभर सूत हाताळणारा माणूस सुताकडे बघून आयुष्य आठवत बसत नाही. त्याचा धंदा त्याच्या नजरेत येऊ द्या, उपमेत आणू नका. आणि नजरेतही बेतानं. मागाच्या भागांची नावं ओळीनं आली की माहितीपुस्तिका होते आणि सुरेखा बाजूला पडते. वरच्या परिच्छेदात टेप, ठोका, कात्री एवढं पुरे आहे.

हा उपाय सगळ्यांना लागू पडेल असंही नाही. नायक बोलका असेल, शिकवणारा किंवा कीर्तन करणारा असेल, तर त्याच्या डोक्यात मोठी वाक्यं आणि अलंकार खरोखर असतील. तिथे तो स्वतःलाच कुठे थांबवतो यावर काम करावं लागतं.

भवानी_पेठ_मावशी
अक्षता घेणार का मग? बारा महिन्यांत कारखान्यातल्या सगळ्या बायका नटून एकाच ठिकाणी जमतात तो दिवस आहे.

तिसरी_पाळी
मावशी, गर्दीत तो तिच्याशी बोलणार कसा? त्यापेक्षा लाईट जाऊ द्या. वीस माग एकदम थांबले की कान बधिर होतात, आणि पहिलं कुणी बोललं तर ते सगळ्या शेडला ऐकू जातं. आमच्याकडे लाईट गेली की पहिला क्षणभर कुणीच बोलत नाही, सवय आहे.

होटगीरोडचा
लाईट जाणं फार वापरून झालंय. माझ्या बक्षीसपात्र कथेत पाऊस होता.

बाळीवेसची
सगळ्यांचे आभार. ठरवलेलं सांगते.

तिसरी_पाळी यांचे धागे घेतले. कथा आता टॉवेलापासून सुरू होते, बोट नंतर. सात_रस्ता यांची टेपही घेतली, पण तो ती देत नाही. टेबलाच्या पत्र्याच्या कडेलाच गुंडाळतो, सगळ्यांदेखत, कारण ते त्याचं कामच आहे. कुणाला बोलायला जागा नाही. सुरेखाला मात्र समजतं.

लाईटही घेतली. पण तुम्ही सगळे नको म्हणाल ते करतेय. लाईट गेल्यावर दिलीपच्या मनात एक सरळ वाक्य ठेवलंय: "हिला रोज बघता आलं तर दुसरं काही नको." भावनेचं आहे, त्यात त्याचा धंदा नाही, कुठल्याही नायकाचं असू शकतं. सात_रस्ता यांच्या कसोटीला ते उतरत नाही हे मला कळतं. तरी ठेवणार. कथाभर तो टेप, ठोका, धागे यांचाच विचार करतो. माग बंद पडल्यावर त्याच्याकडे ऐकायला काही उरत नाही, तेव्हा एवढं त्याच्या मनात येऊ द्यावं असं मला वाटतं.

सात_रस्ता
'रोज बघता आलं' ठेवा, 'दुसरं काही नको' काढा. दुसऱ्या अर्ध्यात निवेदक शिरलाय.

निवृत्त_मास्तर
मी तर दोन्ही अर्धे काढेन.

बाळीवेसची
दोन्ही ठेवलेत. 2340 शब्द झाले, अक्षतांना जागा नाही मावशी, पुढच्या कथेत नक्की घेईन. पुस्तक कुणीच सुचवलं नाही, ते 300 अजून तसेच आहेत.